कर सल्लागार सोडताना: आधी लॉगिन, मग पत्र

तालुक्याच्या गावातलं एक हार्डवेअरचं दुकान. सहा वर्षं एकाच टॅक्स कन्सल्टंटकडे जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं काम. मालक दर महिन्याला बिलांची फाईल नेऊन द्यायचा. कन्सल्टंट हिशोब करून मेसेजने आकडा कळवायचा आणि मालक तेवढी रक्कम यूपीआयने त्याच्याच खात्यावर टाकायचा. फी वाढल्यावर मालकाने दुसरा माणूस धरायचं ठरवलं आणि व्हॉट्सॲपवर एकच ओळ पाठवली : ‘पुढच्या महिन्यापासून तुमचं काम बंद, आमचे कागद द्या.’

त्या ओळीनंतर फोन उचलणं बंद झालं. जीएसटीचा पासवर्ड बदलला गेला. दुकानाचं मूळ खरेदीखत, भाडेकरार, बिलांच्या फाईली आणि सही केलेले दोन कोरे चेक तिकडेच राहिले. आठवड्याने निरोप आला, की मागची फी ४०,००० रुपये बाकी आहे, ती द्या, मग कागद मिळतील. खरं नुकसान पुढे कळलं, पण चूक त्या एका ओळीच्या वेळेला झाली होती. लॉगिन आपल्या हातात नसताना सल्लागाराला काम बंद केल्याचं कधीही सांगू नये.

लॉगिन कुणाच्या हातात आहे हे ओळखायचं ते ओटीपी कुणाला जातो यावरून. नोंदणी करताना बहुतेक सल्लागार स्वतःचाच मोबाईल आणि स्वतःच उघडलेला ईमेल टाकतात. काही जण सोय म्हणून तसं करतात, काही जण गिऱ्हाईक बांधून ठेवायला. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढणाऱ्या मध्यस्थांवर देशभर कारवाई केली. तेव्हा विभागानेच सांगितलं, की काही जण रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल उघडतात आणि नंतर सोडून देतात. मग त्यावर आलेल्या नोटिसा कुणी वाचतच नाही.

इन्कम टॅक्सचं लॉगिन सोडवून घेणं सोपं आहे. युजर आयडी म्हणजे आपला पॅन. www.incometax.gov.in वर Forgot Password घेतलं, की आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवता येतो. नेट बँकिंगमधूनही आत जाता येतं. सल्लागाराची गरज लागत नाही. आत गेल्याबरोबर My Profile मध्ये मोबाईल आणि ईमेल आपला टाकायचा. मग My Bank Account उघडून रिफंडसाठी कोणतं खातं निवडलंय ते बघायचं. ते आपलंच आहे असं गृहीत धरू नका, उघडून बघा.

जीएसटी इथेच अवघड जातं. पासवर्ड बदलायला जाल तर ओटीपी नोंदवलेल्या मोबाईल-ईमेलवर, म्हणजे सल्लागाराकडेच जातो. म्हणून संबंध चांगले असतानाच त्याच्या ऑफिसात समोर बसून Amendment of Registration Non-Core Fields मधून अधिकृत सहीदाराचा मोबाईल आणि ईमेल आपला करून घ्यावा. जुना ओटीपी त्याच्याकडे येतो, नवा आपल्याकडे, म्हणून दोघं एकत्र असलेली बरी. तो टाळाटाळ करत असेल तर वेगळा रस्ता आहे. पोर्टलवर लॉगिन न करता Search Taxpayer मध्ये आपला जीएसटी नंबर टाकला, की आपलं कार्यक्षेत्र कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे ते दिसतं. त्या कार्यालयात नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, मालकाचा ओळखीचा पुरावा, पॅन, धंद्याच्या जागेचा पुरावा आणि अर्ज घेऊन मालकाने स्वतः जायचं. अर्जात एवढंच लिहायचं, की नोंदवलेला मोबाईल व ईमेल आपला नाही आणि आपल्याला आपल्या खात्यात जाता येत नाही. खात्री पटली की अधिकारी नवा मोबाईल-ईमेल टाकून लॉगिन रिसेट करतो. नवीन युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड आपल्या ईमेलवर येतो आणि First time login मधून तो बदलून घ्यायचा. यात ‘जुन्या सल्लागाराची एनओसी’ कुठेही लागत नाही.

सल्लागाराने आपल्या खात्यावर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नाव लावून घेतलं असेल, तर Services > User Services मधल्या Engage/Disengage GST Practitioner मधून ते काढून टाकायचं. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर Authorised Partners मध्ये जोडलेला सीए असेल तर तिथूनही काढायचा. ई-वे बिलाचं लॉगिन वेगळं असतं, त्याचाही पासवर्ड बदला.

लॉगिन हातात आलं की पत्र लिहायच्या आधी रेकॉर्ड उतरवून घ्यायचं. ‘भरलेल्या रिटर्नच्या प्रती द्या’ म्हणून सल्लागाराच्या मागे लागण्यापेक्षा पोर्टलवरून उतरवलेली प्रत कधीही बरी, कारण त्याने दिलेली छापील प्रत खरी असेलच असं नाही. इन्कम टॅक्सला View Filed Returns मधून प्रत्येक वर्षाचा फॉर्म, पावती आणि विभागाने रिटर्न तपासून पाठवलेली १४३(१) ची इंटिमेशन घ्यायची. जीएसटीला प्रत्येक महिन्याचं कर भरायचं रिटर्न म्हणजे ३बी, विक्रीचं जीएसटीआर-१ आणि खरेदीवरच्या क्रेडिटचा तक्ता म्हणजे २बी. आणि सगळ्यात आधी Electronic Cash Ledger, म्हणजे आपल्या नावावर रोख भरलेल्या रकमांची नोंद. जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळायची जबाबदारी व्यापाऱ्यावर आहे, सल्लागारावर नाही.

कॅश लेजर आधी का, ते या दुकानाच्या हिशोबावरून कळेल. महिन्याच्या विक्रीवरचा कर ५४,००० रुपये, खरेदीवर आधीच दिलेल्या कराचं क्रेडिट ३६,००० आणि रोख भरायचा फरक १८,०००. मालक हे १८,००० सल्लागाराला देत होता. लॉगिन मिळाल्यावर कॅश लेजर उघडलं, तर २४ महिन्यांत एकही रक्कम जमा नव्हती. तरी रिटर्न मात्र दर महिन्याला वेळेवर भरलेलं! ३बी मध्ये २बी वरून क्रेडिटचा आकडा आपोआप येतो, पण तो हाताने बदलता येतो. सल्लागाराने ३६,००० च्या जागी ५४,००० टाकले. कर शून्य झाला आणि १८,००० त्याच्या खिशात गेले.

म्हणूनच Search Taxpayer च्या Show Filing Table मध्ये प्रत्येक महिन्यापुढे Filed दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये. रिटर्न भरलंय एवढंच त्यावरून कळतं, कर भरलाय का हे कळत नाही. ते बघायला ३बी च्या चौथ्या तक्त्यातलं क्रेडिट त्याच महिन्याच्या २बी शी ताडून पाहायचं. चलन हातात असेल तर त्यावरचा चौदा आकडी सीपीआयएन आणि आपला जीएसटी नंबर Track Payment Status मध्ये टाकला, की पैसे खरंच पोचले का ते लॉगिनशिवायही कळतं. कॉम्प्युटरवर बनवलेलं खोटं चलन इथे लगेच उघडं पडतं. सल्लागार विक्रीच दडवत असेल आणि विक्री किरकोळ गिऱ्हाईकांना असेल, तर फसवणूक फार काळ दडून राहते. व्यापारी गिऱ्हाईक क्रेडिट दिसलं नाही की फोन करतो, घरासाठी नळ घेऊन गेलेला माणूस कशाला करेल?

या दुकानाच्या नावावर २४ महिन्यांचे ४,३२,००० रुपये निघाले. व्याज वर्षाला १८ टक्के, म्हणजे प्रत्येक महिन्याच्या १८,००० वर वर्षाला ३,२४० रुपये. View Notices and Orders मध्ये तफावतीबद्दलची एएसएमटी-१० नोटीस महिनोन्‌महिने पडून होती. पोर्टलवर टाकलेली नोटीस बजावल्यातच जमा असते. ‘आम्हाला कळवलं नाही’ हे कारण सहसा चालत नाही, कारण नोंदणी आपल्या नावाची आहे. View Additional Notices/Orders हा रकाना वेगळा आहे, तोही उघडायला विसरू नका. कारणे दाखवा नोटीस, म्हणजे डीआरसी-०१, यायच्या आत मालकाने डीआरसी-०३ या आपणहून भरायच्या फॉर्मने कर आणि व्याज भरलं. त्या टप्प्यावर भरलं तर दंड टळतो किंवा बराच कमी होतो. सल्लागाराकडून पैसे वसूल होईपर्यंत थांबलं असतं तर व्याज वाढत गेलं असतं आणि नोटीसही आली असती.

आता पत्र. त्यात आरोप नकोत, तारीख आणि यादी हवी. मजकूर साधारण असा :

‘दि. … पासून आपण आमच्या वतीने कोणतेही रिटर्न, अर्ज वा उत्तर दाखल करू नये. आपल्याला दिलेले सर्व अधिकार आम्ही मागे घेत आहोत. खालील मूळ कागद व वस्तू दहा दिवसांत पोचपावती घेऊन परत कराव्यात. आपल्या मते काही फी बाकी असल्यास कामाच्या तपशिलासह लेखी बिल द्यावे.’

खाली एकेक वस्तू नावानिशी लिहायची : खरेदीखत (दस्त क्रमांक व वर्ष), भाडेकरार, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतच्या खरेदी-विक्री बिलांच्या किती फाईली, बँक स्टेटमेंट, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, रबरी शिक्का, सही केलेले कोरे लेटरहेड, कोरे चेक त्यांच्या नंबरांसह. नुसतं ‘आमची सर्व कागदपत्रं’ लिहिलं तर काय दिलं आणि काय राहिलं यावरच वाद होतो. पत्र स्पीड पोस्टाने पोच मागवून पाठवा, तेच ईमेलवरही टाका आणि स्थळप्रत जपून ठेवा. चेकचं पेमेंट त्याच दिवशी बँकेत थांबवा. टोकन परत यायची वाट बघू नका, ज्या संस्थेने डिजिटल सही दिली तिला कळवून ती रद्द करून घ्या.

कागद घेताना समोर एक छापील पावती येते : ‘सर्व कागद मिळाले, कोणतीही तक्रार नाही.’ तिच्यावर सही करू नका. आपल्या यादीवरच जे मिळालं त्यापुढे खूण करा, जे राहिलं त्यापुढे ‘मिळाले नाही’ लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या.

फीसाठी कागद अडवण्याबद्दल. करार कायद्याच्या कलम १७१ प्रमाणे गिऱ्हाइकाची वस्तू सर्वसाधारण बाकीपोटी अडवून ठेवायचा हक्क बँका, अडते, विमा-दलाल अशा मोजक्यांनाच आहे. बाकीच्यांना तसा स्पष्ट करार असावा लागतो. वकिलांबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलं, की फीसाठी अशिलाचे कागद अडवता येत नाहीत. सल्लागाराने स्वतः तयार केलेल्या तक्त्यांवर तो भांडू शकेल, पण तुमचं खरेदीखत त्याने तयार केलेलं नाही. जी फी खरोखर बाकी आहे ती बँकेतून, कशाची ते लिहून देऊन टाका, म्हणजे त्याचा तो मुद्दा संपतो.

तरीही कागद मिळाले नाहीत, तर तक्रार कुठे करायची हे तो कोण आहे त्यावर ठरतं. सीए असेल तर सीएंची संस्था आयसीएआय हिच्या शिस्तपालन संचालनालयाकडे, वकील असेल तर बार कौन्सिलकडे, नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर असेल तर जीएसटी अधिकाऱ्याकडे. नुसतीच ‘टॅक्स कन्सल्टंट’ अशी पाटी असेल तर वर कुणी संस्था नाही. मग पोलीस : भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ विश्वासघाताचं, ३१८ फसवणुकीचं. या दुकानाच्या तक्रारीत सगळ्यात उपयोगी पडल्या त्या तीनच गोष्टी : दर महिन्याचे १८,००० त्याच्या खात्यात गेल्याचं बँक स्टेटमेंट, त्याच महिन्यांचं रिकामं कॅश लेजर, आणि ‘या महिन्याचं चलन १८,०००’ असे त्याने पाठवलेले मेसेज. तोंडी सांगितलेल्या आकड्यांचा पुरावा होत नाही, म्हणून मेसेज पुसू नका आणि तो फोनही विकू नका.

खरेदीखत मिळालंच नाही, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्त क्रमांकावरून त्याची प्रमाणित नक्कल आणि सूची-२ काढता येते. बँक कर्जाला मूळच मागते, म्हणून मूळ अडकल्याची पोलिसातली नोंद त्या नकलेसोबत ठेवावी लागते.