ईआरपीनेक्स्टमध्ये कोटेशनची तुलना आणि थेट पी.ओ. : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या कारखान्यात खरेदीची मागणी, चौकशी, कोटेशन आणि पी.ओ. म्हणजे खरेदी आदेश हा सगळा प्रवास आता ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरमध्ये होतो. आधी हे काम एक्सेलच्या तक्त्यावर चालत असे. काही महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, कोटेशनचे पी.ओ.मध्ये रूपांतर करण्याची सोय अतिशय भरवशाची आहे. तुलनेचा अहवाल मात्र तो नेमके काय मोजतो हे समजून घेऊनच वाचावा लागतो.

पाच प्लायच्या खोक्यांचे उदाहरण देतो. २,००० नगांची गरज होती आणि माल दहा दिवसांत हवा होता. स्टोअरच्या Material Request वरून, म्हणजे खरेदीच्या मागणीवरून, Request for Quotation ही चौकशी तयार करून ती तीन पुरवठादारांना पाठवली. पहिल्याने नगाला ३८ रुपये दर दिला, पण वाहतुकीचे ६,००० रुपये वेगळे सांगितले. दुसऱ्याने कारखान्यात पोच ४० रुपये सांगितले आणि सात दिवसांत माल देण्याची तयारी दाखवली. तिसऱ्याने २५ खोक्यांच्या बंडलाला ९७५ रुपये, म्हणजे नगाला ३९ रुपये पोच दर दिला. त्याची मुदत मात्र वीस दिवसांची होती.

तिन्ही कोटेशन नोंदवून सबमिट केल्यावर Supplier Quotation Comparison हा अहवाल उघडला. त्यात प्रत्येक पुरवठादाराचा दर, कोटेशनची वैधता आणि मुदतीचे दिवस शेजारी शेजारी दिसतात, आणि सर्वांत कमी दर हिरव्या रंगात येतो. येथे हिरवा होता तो पहिल्याचा ३८ रुपयांचा दर. अहवाल मालाच्या ओळीतला दर वाचतो. कोटेशनच्या तळाशी Taxes and Charges मध्ये नोंदवलेली वाहतूक त्या दरात धरली जात नाही. ६,००० रुपये २,००० नगांवर वाटले की नगाला तीन रुपये वाढतात, म्हणजे पहिल्याचा खरा दर ४१ रुपये होतो आणि तिघांत तोच महाग ठरतो. म्हणून आता आम्ही चौकशीच्या मजकुरातच कारखान्यात पोच दर मागतो, आणि जो पुरवठादार तसा दर देत नाही त्याची तुलना कोटेशनच्या एकूण रकमेवर करतो.

बंडलाच्या बाबतीत अहवाल चांगली साथ देतो, कारण तो स्टॉकच्या एककाप्रमाणे दर काढून दाखवतो. त्यासाठी कोटेशनच्या ओळीत एकक बंडल, संख्या ८० आणि Conversion Factor २५ असणे आवश्यक आहे. तेथे चुकून १ राहिला, तर अहवालात नगाला ९७५ रुपये दिसतात आणि चांगला दर तुलनेतून बाद होतो. एखादाच दर इतरांच्या कितीतरी पट दिसला, की आधी हा आकडा पाहावा.

तिसऱ्याचा दर कमी असला तरी वीस दिवस थांबणे शक्य नव्हते, त्यामुळे दुसऱ्याची निवड झाली. हे कारण आम्ही त्या कोटेशनखाली टिप्पणीत लिहून ठेवतो, कारण निवड का केली हे अहवाल सांगत नाही आणि ऑडिटच्या वेळी विचारणा नेमकी तीच होते.

यानंतरचा भाग मला मनापासून आवडला. निवडलेल्या कोटेशनमधून Create मध्ये जाऊन Purchase Order निवडले की माल, संख्या आणि दर तसेच उतरतात, आणि त्यांच्यासोबत कोटेशनचा व मूळ मागणीचा दुवाही येतो. या दुव्यामुळे पी.ओ. सबमिट होताच मागणीत ‘ऑर्डर झाली’ अशी नोंद पडते. पी.ओ. हाताने नव्याने टाइप केली, तर मागणी प्रलंबितच दिसत राहते आणि तोच माल दुसऱ्यांदा मागवला जाण्याचा धोका असतो. अर्थात, कोटेशनही मूळ चौकशीतूनच तयार केलेले असावे लागते. कोऱ्या फॉर्मवर भरलेल्या कोटेशनला हा दुवा नसतो.

Buying Settings मध्ये सर्व टप्प्यांवर दर समान ठेवण्याचा पर्याय आहे. तो सुरू करून कृती Stop ठेवली, तर पी.ओ.मधील दर कोटेशनपेक्षा वेगळा होताच सबमिट अडते, मग तो दर वाढलेला असो वा कमी झालेला. घासाघीस करून ४० चे ३९.५० झाले, तरी पी.ओ.त थेट बदल करता येत नाही. कोटेशन रद्द करून Amend करावे आणि त्यातून पी.ओ. काढावी. खरेदी विभागातील सहकाऱ्यांना हे सुरुवातीला जाचक वाटले, पण ठरलेला दर कागदावर राहण्यासाठी ही शिस्त मला योग्य वाटते.

उधारीच्या मुदतीकडे मात्र वेगळे लक्ष द्यावे लागते. कोटेशनच्या मजकुरात ४५ दिवस लिहिलेले असले, तरी पी.ओ.मध्ये पुरवठादाराच्या मास्टरमधील अटच येऊ शकते. म्हणून सबमिट करण्यापूर्वी पेमेंटच्या अटींचा तक्ता आम्ही कोटेशनशी ताडून पाहतो.