आधी मुलाखत की आधी नोंदी? फील्डवर्कच्या पहिल्या आठवड्याचा निर्णय

अंतर्गत लेखापरीक्षणाचं नियोजन झालं, सुरुवातीची बैठक झाली, आता प्रत्यक्ष कामाला लागायचं. इथे प्रत्येक ऑडिटरसमोर एक निवड असते. आधी प्रोसेस ओनरसमोर बसून काम कसं चालतं ते ऐकायचं आणि मग नोंदी तपासायच्या, की आधी नोंदी चाळून, विसंगती हातात घेऊनच त्याच्यासमोर बसायचं?

दोन्ही पद्धती रूढ आहेत आणि दोन्हींच्या बाजूने बोलणारे अनुभवी लोक भेटतात. नुसती विचारपूस पुरावा म्हणून पुरत नाही, हे आंतरराष्ट्रीय ऑडिट मानक आयएसए ५०० मध्येही आहे, त्यामुळे वाद ‘मुलाखत की नोंदी’ असा नाहीच. दोन्ही कराव्याच लागतात. पण कुठल्या क्रमाने केल्या यावर काय सापडतं आणि काय निसटतं हे ठरतं. म्हणून एकच प्रसंग दोन्ही क्रमांनी चालवून बघू.

प्रसंग असा. पुरवठादारांची देणी भागवणारा विभाग आहे. पुरवठादाराने बँक खातं बदललं की सिस्टीममधल्या व्हेंडर मास्टरमध्ये नवा खाते क्रमांक टाकला जातो. धोका सरळ आहे: पुरवठादाराच्या नावाने कुणी तोतया ई-मेल पाठवतो, ‘आमचं खातं बदललं आहे’ म्हणतो आणि पुढची सगळी बिलं त्याच्या खात्यात जातात. हे टाळायला विभागाचा नियम आहे की विनंती आली की पुरवठादाराला फोन करून खात्री करायची, मग एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची आणि हे सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं.

आधी मुलाखत

ऑडिटर विभागप्रमुखांसमोर बसतो आणि म्हणतो, “अगदी अलीकडे कुणाचं खातं बदललं, ते आठवून पहिल्यापासून सांगाल का? विनंती कुणाकडे आली, मग काय झालं?” आणि गप्प बसतो.

हा प्रश्न आणि “तुम्ही फोन करून खात्री करता ना?” हा प्रश्न, यांत फार अंतर आहे. मराठीतला तो शेवटचा ‘ना’ उत्तर सोबत घेऊनच येतो. समोरचा माणूस प्रामाणिक असला तरी “हो, करतो की” एवढंच म्हणणार आणि विषय तिथेच संपणार. आयएसओ १९०११ या मार्गदर्शक मानकातही मुलाखतीत प्रश्नाचा प्रकार विचारपूर्वक निवडावा असं म्हटलं आहे, आणि त्याची गरज अशा जागी कळते.

दुसरं, क्रियापदाकडे कान हवा. ‘आम्ही फोन करतो’ हे रीतीचं वाक्य आहे, त्यात नियम सांगितला जातो. ‘मंगळवारी मी फोन केला’ ही घटना आहे. आणि ‘खात्री केली जाते’ या वाक्यात तर करणारा माणूसच गायब आहे. ‘केलं जातं’, ‘बघितलं जातं’, ‘शक्यतो’, ‘साधारणपणे’ असे शब्द आले की मी वहीत त्यांच्याखाली रेघ ओढतो आणि त्यांचं बोलणं संपल्यावर शांतपणे विचारतो, “कोण करतं? मागच्या वेळी कुणी केलं?” यात कुणाला पकडायचा हेतू नसतो. बहुतेकदा त्या माणसालाही तेव्हाच जाणवतं की हे आपल्याला नक्की माहीत नाही.

आपल्या प्रसंगात प्रमुख सांगतात, “विनंती आली की फॉर्म भरून घेतो, सोबत रद्द केलेला चेक घेतो, मग फोन लावतो.” ऑडिटर विचारतो, “फोन नंबर कुठून घेता?” “फॉर्मवर असतोच की.”

या एका वाक्यासाठी मुलाखत आधी घ्यावी, असं मला वाटतं. फॉर्म पाठवणारा तोतया असेल तर त्यावरचा नंबरही त्याचाच असणार. तिथे फोन केला तर तो आनंदाने खात्री करून देईल. नियम पाळला गेला, फोनही झाला, आणि संरक्षण मात्र शून्य. खात्रीचा फोन व्हेंडर मास्टरमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर गेला तरच त्याला अर्थ आहे.

आधी नोंदी

आता दुसरा क्रम. ऑडिटर कुणालाही न भेटता वर्षभराचं रजिस्टर मागवतो. त्यात ५१ बदल आहेत. प्रत्येक ओळीत विनंतीची तारीख, नोंद करणारा, मंजूर करणारा आणि ‘फोन केला: हो’. सगळं भरलेलं, सह्या जागच्या जागी. मग तो आयटी विभागाकडून सिस्टीमचा चेंज लॉग घेतो, म्हणजे मास्टरमधला कुठला रकाना कुणी, कधी बदलला याची यंत्राने आपोआप ठेवलेली नोंद. त्यात त्याच वर्षात बँक खात्याचे ६४ बदल दिसतात.

१३ बदल रजिस्टरमध्ये नाहीतच. नावं आणि वेळा लावून पाहिल्यावर कळतं की ११ बदल एकाच दिवशी, खरेदी विभागाच्या लॉगिनवरून फाइल अपलोड करून झाले आहेत. उरलेल्या दोनमध्ये महिनाअखेरीला खातं बदललं, त्याच दिवशी पैसे गेले, आणि मंजुरी दुसऱ्या दिवशी पडली.

हे मुलाखतीत कधीच निघालं नसतं. प्रमुख काही लपवत होते म्हणून नव्हे, तर खरेदी विभागाला अपलोडचा अधिकार आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. माणूस स्वतःच्या टेबलावरून दिसतं तेवढंच सांगू शकतो.

पण याच क्रमाने गेलेल्या ऑडिटरला फोन नंबरची गोष्ट मात्र कळत नाही. रजिस्टरमध्ये ५१ वेळा ‘हो’ आहे, म्हणजे तपासणी ‘समाधानकारक’. शिवाय १३ बदलांची यादी हातात घेऊन मुलाखतीला गेलं की संभाषण त्या यादीपुरतंच उरतं. “हे ११ कुणी केले?” या प्रश्नापुढे माणूस सावध होतो, मोजून बोलतो, विचारलं तेवढंच सांगतो. ‘फॉर्मवर असतोच की’ असं सहज निघणारं वाक्य त्या बैठकीत निघत नाही.

नोंद आणि नोंद यांतला फरक

दोन्ही पद्धतींत लोक एक चूक करतात, ती इथे उघडी पडते. रजिस्टरमधला ‘हो’ आणि चेंज लॉगमधली वेळ या दोन्हींना आपण ‘नोंद’च म्हणतो. पण त्या ‘हो’मध्ये, जो माणूस तोंडी “फोन केला” म्हणाला असता, त्याचंच म्हणणं पेनाने लिहिलेलं आहे. मुलाखतीचं उत्तर या रजिस्टरशी ताडून पाहणं म्हणजे एकाच साक्षीदाराला दोनदा विचारणं. ताडायचं तर त्या माणसाच्या हाताबाहेर तयार झालेल्या गोष्टीशी: सिस्टीमचा लॉग, बँकेचं स्टेटमेंट, मूळ ई-मेल, बाहेरून आलेला कागद.

म्हणून मुलाखत संपली की त्याच दिवशी, शब्द ताजे असताना, मी एक साधा तक्ता करतो. डावीकडे प्रमुखांचं विधान त्यांच्याच शब्दांत, मधे ‘हे खरं असेल तर कुठे खूण उरली असेल?’ आणि उजवीकडे ती खूण कुणाच्या ताब्यात आहे. ‘फॉर्मवरचा नंबर लावतो’ या विधानासाठी खूण अशी: २० फॉर्म काढायचे आणि त्यांवरचे नंबर मास्टरमधल्या, बदलाआधीच्या नंबरशी जुळवायचे. समजा ६ फॉर्मवर वेगळाच नंबर निघाला. त्यावरून फसवणूक झाली असं म्हणता येत नाही, लोकांचे नंबर बदलतात. पण त्या ६ पुरवठादारांना जुन्या नंबरवर फोन करून खातं विचारणं, हे काम आता ठरलं. आणि ज्या विधानाची कुठेच खूण उरत नाही, ते अहवालात ‘असं सांगण्यात आलं’ एवढंच लिहावं. त्यावर निष्कर्ष उभा करू नये.

सॅम्पल कुठून काढला यालाही तितकंच महत्त्व आहे. रजिस्टरमधून २० ओळी काढून सिस्टीममध्ये शोधल्या तर वीसच्या वीस सापडतील आणि ते १३ बदल कधीच दिसणार नाहीत. लॉगमधून निघून रजिस्टरकडे यायला हवं, म्हणजे काय लिहायचं राहिलं ते कळतं.

मग निवडायचं काय

माझा कौल आधी मुलाखतीला आहे, पण एका अटीवर: चेंज लॉग मुलाखतीआधीच मागवून ठेवायचा. उघडून फक्त एकूण संख्या बघायची, विश्लेषण नंतर. तो आयटीकडून थेट घ्यायचा, कुठल्या तारखा आणि कुठले रकाने निवडले ते दिसणाऱ्या स्क्रीनच्या फोटोसह. मुलाखतीनंतर मागितला तर मधल्या दोन दिवसांत रजिस्टर ‘पूर्ण’ केलं जाण्याची शक्यता असते, आणि ते दरवेळी वाईट हेतूनेच होतं असंही नाही. ऑडिटर आले म्हणून राहिलेली कामं उरकण्याची वृत्ती सगळीकडेच असते.

काही वेळा मात्र नोंदींपासूनच सुरुवात करावी. प्रोसेस ओनर पदावर नवा असेल तर त्याला मागच्या वर्षीचं विचारून फारसं हाती लागत नाही. आधीच्या नोंदी वाचा आणि त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष नोंद करणाऱ्याशी बोला. गेल्याच वर्षी हीच प्रक्रिया तपासली असेल आणि तुम्हाला ती ठाऊक असेल, तरीही आधी काय बदललं ते लॉगमध्ये पाहणं वेळ वाचवतं. आणि फसवणुकीचा ठोस संशय असेल तर मोकळी मुलाखत घ्यायलाच जाऊ नये. समोरच्याला सुगावा लागतो, पुरावे हलतात. तेव्हा नोंदी सुरक्षित करायच्या आणि ऑडिट प्रमुखांना कळवायचं. पुढची चौकशी वेगळ्या माणसांचं काम आहे.

मुलाखतीपासून सुरुवात केली तर दुसऱ्या बैठकीचा अर्धा तास पहिल्याच दिवशी मागून ठेवा. मोकळे प्रश्न पहिल्या बैठकीत होऊन गेलेले असतात, आता नेमके, हो-नाहीचे प्रश्न चालतात. प्रमुखांसमोर ते १३ बदल ठेवायचे, पण सुरुवात त्यांच्याच वाक्यापासून करायची: “तुम्ही म्हणाला होतात की प्रत्येक बदल रजिस्टरमध्ये येतो. हे १३ मला तिथे दिसले नाहीत. यांतला कुठला तुमच्या माहितीतला आहे?” आपल्या प्रसंगात ते महिनाअखेरीचे दोन ओळखतात, खातं बदललं त्या दिवशी आपण रजेवर होतो हे सांगतात, आणि उरलेल्या ११ ओळींवर बोट ठेवून खरेदी विभागाला फोन लावतात.