तळघराची भिंत: २००, २५० की ३०० मिमी?

तळघर बांधायला निघालेल्या घरमालकाच्या हातात साधारणपणे दोन कोटेशनं असतात. एकात भिंत २०० मिमी जाडीची, दुसऱ्यात ३०० मिमीची. फरक विचारला तर उत्तर मिळतं, "जाड भिंत म्हणजे काँक्रीटही जास्त, स्टीलही जास्त." पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी खरी नाही, आणि निर्णय तिथेच चुकतो.

पुण्याकडचं एक साधं उदाहरण घेऊ. तळघर बाहेरून १२ मीटर बाय १८ मीटर, म्हणजे बाहेरचा परीघ ६० मीटर. राफ्टच्या, म्हणजे तळघराखालच्या सलग काँक्रीट पायाच्या, माथ्यापासून भिंतीची उंची ३.२ मीटर. खाली राफ्ट, वर तळमजल्याचा स्लॅब, बाहेर मुरमाचा भराव. काँक्रीट एम ३० ग्रेडचं, बार म्हणजे सळ्या एफई ५०० ग्रेडच्या. पावसाळ्यात भरावात वरपर्यंत पाणी चढेल, शिवाय वर गाडी उभी राहील असं धरून दाब काढला आहे. भूकंपाचा वाढीव दाब यात नाही. तो आणि अंतिम डिझाइन तुमच्या आरसीसी डिझायनरचं काम.

आधी काँक्रीट. इथे एक छोटी चूक नेहमी होते: बाहेरचा परीघ तसाच गुणला जातो आणि चारही कोपरे दोनदा मोजले जातात. भिंतीच्या मध्यरेषेची लांबी धरायची. आयताकृती तळघरासाठी ती अशी येते:

काँक्रीट = (बाहेरचा परीघ − ४ × जाडी) × उंची × जाडी

३०० मिमीसाठी (६० − १.२) × ३.२ × ०.३ म्हणजे ५६.४ घनमीटर. कोपरे दोनदा मोजले असते तर ५७.६ आले असते. फरक सव्वा घनमीटरच्या आतला, पण बिल तपासताना नजरेत असू द्यावा.

स्टीलचं गणित असं सरळ वाढत नाही. भिंतीच्या पायथ्याशी माती आत ढकलते, तेव्हा भिंतीची बाहेरची, मातीकडची बाजू ताणली जाते. हा ताण बाहेरचे उभे बार पेलतात. भिंत जाड असेल तर हे बार आतल्या दाबाखालच्या काँक्रीटपासून लांब राहतात, तरफ मोठी होते आणि तेवढ्याच कामाला कमी बार पुरतात. आपल्या भिंतीत २०० मिमी जाडीला १६ मिमीचे बार २०० मिमी अंतरावर लागतात, तर ३०० मिमीला त्याच अंतरावर १२ मिमीचे भागतात. आडव्या बारांचं उलटं आहे. ते काँक्रीट आकसताना पडणाऱ्या उभ्या भेगा आवरतात आणि काँक्रीटच्या प्रमाणात द्यावे लागतात. म्हणून जाडीबरोबर ते वाढतात. एक घटतं, एक वाढतं, आणि बेरीज जवळपास जागेवर राहते.

| | २०० मिमी | २५० मिमी | ३०० मिमी |
|---|---|---|---|
| काँक्रीट, घनमीटर | ३७.९ | ४७.२ | ५६.४ |
| बाहेरचे उभे बार | १६ मिमी @ २०० | १२ मिमी @ १५० | १२ मिमी @ २०० |
| आतले उभे बार | १० मिमी @ १७५ | १० मिमी @ २०० | १० मिमी @ २०० |
| आडवे बार, दोन्ही बाजूंना | १० मिमी @ २०० | १० मिमी @ १५० | १२ मिमी @ २०० |
| स्टील, टन | ४.०६ | ३.९७ | ३.७८ |
| दर घनमीटर स्टील, किलो | १०७ | ८४ | ६७ |
| पाणी अडवणाऱ्या मेंब्रेनचं क्षेत्र, चौ. मी. | २२५ | २२५ | २२५ |

स्टीलच्या आकड्यात लॅप म्हणजे बार एकमेकांवर चढवायची लांबी, स्टार्टर म्हणजे राफ्टमधून वर सोडलेले बार, कोपऱ्याचे बार आणि तूट मिळून २० टक्के धरले आहेत.

आता शेवटून दुसरी ओळ पाहा. साइटवर "घनमीटरला ९० किलो" असा ठोकताळा चालतो. आपल्या उदाहरणात तो २५० मिमीच्या आसपासच बरोबर येतो. २०० मिमीला लावला तर ३.४ टन निघतात, म्हणजे साडेसहाशे किलो कमी. एक तर काम सुरू झाल्यावर जादा बिल येणार किंवा बार विरळ बांधले जाणार. ३०० मिमीला लावला तर ५.१ टन निघतात, म्हणजे लागणारच नाही असं १.३ टन स्टील कोटेशनमध्ये बसलं. जाड भिंत उगाच महाग वाटते ती यामुळे. कोटेशन घेताना किलोचा ठोकताळा नको, बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे प्रत्येक बारचा व्यास, लांबी आणि नग यांची यादी, मागा.

हिशेबापुरता काँक्रीटचा दर ६,५०० रुपये घनमीटर आणि स्टीलचा ६५ रुपये किलो धरा, तुमच्या गावचे दर घालून बदला. २०० वरून ३०० ला जाताना काँक्रीटचे सुमारे १ लाख २० हजार वाढतात, स्टीलचे १८ हजार वाचतात. म्हणजे एक लाखाच्या थोडं वर. प्लॉटची हद्द ठरलेली असेल तर आतली जागाही जाते: २०४.२ चौरस मीटरऐवजी १९८.४, म्हणजे सुमारे ६२ चौरस फूट. हे दोन्ही तोटे खरे आहेत. एवढं देऊन काय मिळतं, हा प्रश्न रास्त आहे.

मिळतं ते पायथ्याशी. पाणी चढलेलं असताना तिथल्या बाहेरच्या काँक्रीटवर किती ताण येतो ते काढलं, तर २०० मिमीला दर चौरस मिमी ५.८ न्यूटन, २५० ला ३.७ आणि ३०० ला २.६ येतो. एम ३० काँक्रीट वाकताना साधारण ३.८ ला तडकतं. म्हणजे २०० मिमीची भिंत बारांच्या जोरावर उभी राहील, पडणार नाही, पण पहिल्या मोठ्या पावसाळ्यात तिच्या पायथ्याशी बाहेरून आडवी भेग पडणार. ही भेग मातीच्या बाजूला असते, कोणाला दिसत नाही, आणि राफ्ट-भिंतीचा कच्चा सांधाही नेमका तिथेच असतो. त्याच जागी मेंब्रेनला ताण सोसावा लागतो. भराव कोरडा राहिला तर २०० मिमीवर ३.९ आणि २५० वर २.५ एवढाच ताण येतो. म्हणूनच उन्हाळ्यात ताबा घेतलेलं तळघर निर्दोष वाटतं आणि ऑगस्टमध्ये पायथ्याजवळ ओलीची पट्टी उमटते.

२०० मिमीच्या भिंतीची दुसरी अडचण ओतकामाची आहे. बाहेरून ४० मिमी आणि आतून ३० मिमी कव्हर, म्हणजे बारांवरचं काँक्रीट, सोडा, दोन्हीकडचे उभे-आडवे बार वजा करा, तर मधे ८४ मिमीची फट उरते. ३०० मिमीला ती १८४ मिमी असते. ८४ मिमीत चार इंची पंपाचा पाइप उतरत नाही. मग काँक्रीट वरूनच सोडलं जातं आणि तीन मीटर खाली बारांवर आपटत जातं. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात मुक्त पडण्याची मर्यादा दीड मीटर आहे. खडी आणि माल वेगळे होतात, आणि पायथ्याशी स्टार्टरच्या लॅपमुळे बार दुप्पट दाट असल्याने तिथे खडीचा पोकळ थर बसतो. शटरिंग उघडल्यावर खालच्या फुटभर पट्टीत खडी उघडी दिसली, तर गिलाव्याने ती झाकू देऊ नका. पोकळ भाग फोडून पक्की दुरुस्ती झाल्याशिवाय मेंब्रेन लावू देऊ नये.

मेंब्रेनचं क्षेत्र तिन्ही जाड्यांना सारखंच, कारण ते बाहेरच्या परिघावर ठरतं. पण फक्त ६० × ३.२ करून १९२ चौरस मीटर लिहिलं असेल, तर ते अपुरं आहे. मेंब्रेन राफ्टच्या बाजूवरून खाली उतरून राफ्टखालच्या थराला जोडायचं असतं, आणि वर जमिनीच्या पातळीपेक्षा थोडं चढवायचं असतं. ४०० मिमी राफ्ट आणि वरचे १५० मिमी धरले की उंची ३.७५ मीटर होते आणि क्षेत्र २२५ चौरस मीटर. खरेदी त्याहूनही जास्त. टॉर्चने लावायच्या बिटुमेन मेंब्रेनचा रोल १ मीटर रुंद आणि १० मीटर लांब येतो. बाजूचा लॅप १०० मिमी, म्हणून कामाची रुंदी ९०० मिमी. ६० मीटरला ६७ पट्ट्या लागतात. एका रोलमधून ३.७५ मीटरच्या दोनच अखंड पट्ट्या निघतात, म्हणजे ३४ रोल. उरलेले अडीच मीटरचे तुकडे कोपरे आणि पाइपच्या भोकांना वापरता येतात. तुकडे जोडून लावले तर २७-२८ रोलांत भागतं, पण भिंतीवर आडवे सांधे वाढतात. त्या सहा-सात रोलांसाठी मी सांधे वाढवणार नाही.

बाहेरून मेंब्रेन लावायला माणूस उभा राहील एवढी, साधारण मीटरभर, जागा खोदावी लागते. पुण्यात जुनी पद्धत शहाबादी फरशीच्या बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंगची. तिलाही अशीच जागा हवी. शेजाऱ्याची भिंत चिकटून असेल, तर शीट आधी लावून तिच्यावरच काँक्रीट ओतायच्या पद्धतीकडे वळावं लागतं. तिथे बाहेरून पुन्हा कधीच हात लावता येत नाही, म्हणून अशा बाजूला भिंतीची जाडी वाचवू नये.

माझा कौल असा. प्लॉट उंचावर आहे, खाली कठीण मुरूम आहे, भरावातलं पाणी पाइपने बाहेर काढायला उताराची जागा आहे, तर २५० मिमी घ्या. कोरड्या भरावात तिच्यावर येणारा २.५ चा ताण पाण्यातल्या ३०० मिमीच्या भिंतीइतकाच आहे. शेजारच्या विहिरीत पावसाळ्यात पाणी वर येतं, ओढा जवळ आहे किंवा पाणी बाहेर काढायला जागाच नाही, तर ३०० घ्या. पाण्यात २५० मिमीचा ३.७ हा आकडा ३.८ च्या इतका जवळ आहे की काँक्रीटची ताकद थोडी जरी कमी भरली तरी भेग ठरलेली. २०० मिमी मी तीन मीटरच्या तळघराला सुचवणार नाही. आणि काळी माती असेल तर वरचा एकही आकडा वापरू नका. ती फुगते, तिचा दाब वेगळा. भिंतीमागे मुरूमच भरा.

हे सगळे आकडे एका अटीवर उभे आहेत: भिंतीचा माथा तळमजल्याच्या स्लॅबने धरलेला आहे. स्लॅब पडायच्या आधीच भराव केला, तर भिंत नुसती खालून धरलेली राहते आणि पायथ्याचं वाकवणारं बळ पावणेतीन पटीच्या आसपास जातं. अवकाळी पाऊस येऊन भरावात पाणी साचलं, तर ३०० मिमीची भिंतसुद्धा तडकेल. खोदलेली माती ठेवायला जागा नाही म्हणून जेसीबीवाल्याला घाई असते. मी एका साइटवर अशी माथ्याशी दोन बोटं आत झुकलेली भिंत पाहिली आहे. तिच्यावरचं मेंब्रेन पुन्हा उघडून तपासायला सगळा भराव उपसावा लागला. स्लॅब पडून त्याचं काँक्रीट पुरेसं पक्कं झालं की मगच, चारही बाजूंनी थोडाथोडा, थर दाबत भराव करायचा, असं करारात लिहून घ्या. ड्रॉइंगवर "स्लॅबआधी भराव नाही" ही ओळ नसेल, तर डिझायनरकडून ती घालून घ्या.