साठा संपल्यावरचे पाणी: उकळावे की क्लोरीन घालावे?

आपत्तीच्या काळासाठी घरात पाण्याचा साठा करताना माणशी रोज ४ लिटर धरल्यास चौघांना आठवडाभरासाठी ११२ लिटर पाणी लागते. घरी भरलेले पाणी दर सहा महिन्यांनी बदलावे आणि डब्यावर तारीख लिहावी. साठा अपुरा पडून बाहेरचे पाणी आणावे लागले, तर मात्र ते शुद्ध करावेच लागते.

उकळणे अधिक खात्रीचे आहे, कारण खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवलेल्या पाण्यात क्लोरीनला सहसा दाद न देणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवीही मरतात. अडचण इंधनाची आहे. म्हणूनच इंधन पाण्यासाठी उरावे यासाठी न शिजवता खाता येणारे डबाबंद अन्न साठवावे.

क्लोरीनला इंधन लागत नाही. ५ ते ६ टक्क्यांच्या बिनसुगंधी ब्लीचचे लिटरला दोन थेंब घालून अर्धा तास थांबावे. मंद वास आला नाही, तर तेवढेच थेंब पुन्हा घालून पंधरा मिनिटे वाट पाहावी. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होते, त्यामुळे पाणी आधी निवळू द्यावे व कापडातून गाळावे. बाटलीतले ब्लीचही कालांतराने मंदावते, म्हणून तेही वर्षाने बदलावे.

इंधन असेपर्यंत मी उकळण्यालाच पसंती देईन. रसायनांनी दूषित झालेल्या पाण्यावर मात्र दोन्ही उपाय निरुपयोगी आहेत.