फेअरनेस क्रीम, चिठ्ठीची ट्यूब आणि बिननावाची डबी: यातलं काय घ्यायचं आणि कशाला हातही लावायचा नाही

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहणाऱ्या कुणालाही विचारा, 'गोरं व्हायची क्रीम' मागणारे लोक प्रत्यक्षात तीन अगदी वेगळ्या वस्तू मागत असतात आणि त्यांना वाटतं की तिन्ही एकच आहेत, फक्त एक जरा 'पॉवरची' आहे. म्हणून तिन्ही शेजारी शेजारी ठेवून सांगतो. पहिली म्हणजे जाहिरातीतली साधी फेअरनेस किंवा ग्लो क्रीम, जी कॉस्मेटिक म्हणून विकली जाते. दुसरी वांगावर डॉक्टर लिहून देतात ती तीन औषधांची ट्यूब. तिसरी ती डबी जिच्यावर धड काही लिहिलेलं नसतं, पार्लरमधून किंवा कुणाच्या तरी ओळखीतून येते आणि 'सात दिवसांत फरक' म्हणते.

निवडायची वेळ आली की बहुतेक जण बघतात किती लवकर उजळतं ते. माझं म्हणणं उलटं आहे, क्रीम लावल्यावर काय होतं त्यापेक्षा बंद केल्यावर काय होतं ते बघा, खरा फरक तिथे कळतो.

आधी साधी क्रीम. त्यात बहुतेक वेळा नायसिनामाईड असतं, कधी व्हिटॅमिन सी, कोजिक अॅसिड, आर्ब्युटिन, ज्येष्ठमधाचा अर्क, शिवाय थोडं सनस्क्रीन. नायसिनामाईडचं काम समजायला सोपं आहे. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि तो रंग पुढे ज्यांच्यात जातो त्या वरच्या पेशी वेगळ्या, ही देवाणघेवाण ते थोडी अडवतं, रंग बनणं थांबवत नाही. म्हणून फरक दिसायला चार ते आठ आठवडे लागतात आणि तोही डाग फिके होण्यापुरता. मग लावल्या लावल्या चेहरा उजळ दिसतो तो कसा? ती टायटॅनियम डायऑक्साईडची पांढरी पावडर, चेहरा धुतला की गेली. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा, दंडाची आतली बाजू जिथे ऊन लागत नाही तो तुमचा मूळ रंग, कॉस्मेटिक क्रीम त्याहून उजळ करू शकत नाही, जाहिरातीत चेहऱ्याच्या पट्ट्या कितीही दाखवू देत. आणि बंद केली तर? काही नाही, ऊन लागलं की हळूहळू जिथे होतात तिथे परत. कंटाळवाणी गोष्ट आहे पण धोका कमी, फार तर एखाद्याला चुरचुरतं किंवा पुरळ येतं.

आता दुसरी, ट्यूबवाली. हिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉईन आणि एक स्टिरॉईड असतं. हायड्रोक्विनोन रंग बनवणाऱ्या एन्झाईमला अडवतं, ट्रेटिनॉईन वरचा थर लवकर बदलतं, आणि या दोघांनी जी जळजळ होते ती स्टिरॉईड दाबून ठेवतं. औषध म्हणून कल्पना चांगली आहे, नीट निदान झालेल्या वांगावर ठरावीक दिवसांसाठी. अमेरिकेत अशा ट्यूबला मंजुरी मिळाली ती फ्लुओसिनोलोन ०.०१ टक्के या सौम्य स्टिरॉईडसोबत आणि तीही जास्तीत जास्त आठ आठवड्यांसाठी. आपल्याकडच्या खपाच्या ट्यूबांमध्ये त्या जागी मोमेटासोन ०.१ टक्के असतं, जे बरंच जोरदार आहे, आणि लोक ती वर्ष-वर्ष रोज रात्री मॉइश्चरायझरसारखी लावतात. स्टिरॉईडच्या क्रीम चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत हे २०१८ मध्ये नियमात पक्कं केलं गेलं, पण काउंटरवर 'तीच ट्यूब द्या' म्हणणाऱ्याला काय मिळतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर उलट निळसर काळे डाग बसतात जे कशानेच धड जात नाहीत, आणि ट्रेटिनॉईन गरोदरपणात चालत नाही हे काउंटरवर कुणी सांगत नाही.

स्टिरॉईडने चेहरा नक्की उजळतो कसा हे एकदा कळलं की पुढचं सगळं उलगडतं. पहिल्या आठवड्यात ते त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पाववतं, सूज आणि लाली दाबतं, म्हणून मुरुम बसतात आणि चेहरा फिका, गुळगुळीत दिसतो. रंग बनवणाऱ्या पेशीही थोड्या थंडावतात. म्हणजे पहिल्या आठवड्यातला जो 'ग्लो' आहे तो बराचसा रक्त कमी पोचल्याचा आहे, डाग गेल्याचा नाही. त्यात चेहऱ्याची कातडी पातळ, हाताच्या मानाने कपाळावरून स्टिरॉईड साधारण सहापट जास्त शोषलं जातं आणि पापणीवरून त्याहूनही जास्त, त्यामुळे कोपरावर जे औषध चालून जातं तेच चेहऱ्यावर भारी पडतं.

एक केस सांगतो, तपशील थोडे बदललेत. एक पंचविशीतली मुलगी कात्रीने कापून आतून पुसून काढलेली रिकामी ट्यूब घेऊन आली, दुसरं काहीही मला सूट होत नाही म्हणाली. ओढणी बाजूला केली तेव्हा गालावर लाल बारीक रेषा दिसल्या, जाळ्यासारख्या, आणि कानाजवळ लव वाढलेली. तोंडाभोवती बारीक पुळ्या होत्या, सगळ्या एकाच मापाच्या, पण ओठाला लागून एक अरुंद कडा अगदी स्वच्छ सुटलेली. ही सुटलेली कडा बघून त्वचेच्या डॉक्टरांना लगेच शंका येते की चेहऱ्यावर स्टिरॉईड चाललंय. तिची कहाणी ठरलेलीच होती, मुरुमांच्या काळ्या डागांसाठी मैत्रिणीने ट्यूब दिली, दोन आठवड्यांत सगळे 'काय लावतेस गं' विचारायला लागले, काही महिन्यांनी दोन रात्री चुकल्या तर चेहरा लाल, भट्टीसमोर बसल्यासारखा गरम, खाज. परत लावली, सकाळपर्यंत शांत. मग तिने काय निष्कर्ष काढला, क्रीम सोडली की चेहरा बिघडतो म्हणजे क्रीम चांगली आहे.

इथेच सगळे फसतात. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेल्या रक्तवाहिन्या औषध थांबलं की एकदम फुलतात, पातळ झालेल्या कातडीला साधं ऊन किंवा फेसवॉशही झोंबतं, आणि परत लावल्यावर बरं वाटतं ते त्याच त्रासावर तेच औषध लावल्यामुळे. या अवस्थेला आपल्याकडच्या डॉक्टरांनी नावच दिलंय, 'टॉपिकल स्टिरॉईड डॅमेज्ड फेस'. साध्या क्रीमने हे कधीच होत नाही, म्हणून बंद केल्यावर जळजळणारी क्रीम कॉस्मेटिक असणं जवळपास अशक्य.

तिसरी, डबीवाली. ट्यूबवर निदान नाव तरी असतं, शेवट 'सोन' किंवा 'सोलोन' असा दिसला, किंवा पुढे प्रोपिओनेट, व्हॅलरेट, फ्युरोएट असं काही आलं, डावीकडे लाल उभी रेघ दिसली की समजायचं औषध आहे. डबीत तेही नाही. काही ठिकाणी साध्या क्रीममध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलची ट्यूब पिळून 'आमचा फॉर्म्युला' म्हणून देतात, वर 'हर्बल' लिहिलेलं असलं तरी. क्लोबेटासोल हे सगळ्यात जोरदार गटातलं, शरीरावर लावायचं असलं तरी सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको असं सांगतात आणि इथे ते चेहऱ्यावर महिने चालतं. डोळ्यांभोवती गेलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका वेगळाच.

शिवाय डबीत पारा असू शकतो. पारा स्वस्त पडतो, रंग बनणं पटकन थांबवतो, आणि किडनीला मारतो. केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांकडे २०२१ ते २०२३ या काळात लघवीतून प्रथिनं जाणारे आणि अंगावर सूज असलेले पेशंट येत गेले, कारण शोधता शोधता अनेकांच्या बाबतीत धागा फेअरनेस क्रीमपाशी पोचला. पारा लावणाऱ्यापुरता राहत नाही, टॉवेल, उशी, गाल लावून झोपणारं बाळ, सगळ्यांपर्यंत जातो. लेबलवर कॅलोमेल किंवा मर्क्युरीचं कुठलंही नाव असेल, किंवा 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी विचित्र सूचना असेल तर ती डबी टाका. घरगुती टेस्टने यातलं काहीच कळत नाही, लिंबू-मिठाचे व्हिडिओ बघू नका, स्टिरॉईड असो वा पारा, खात्री लॅबमधल्या मशीनवरच होते.

मग कुणी काय घ्यायचं. उन्हाने काळवंडला असाल तर कुठलीच फेअरनेस क्रीम नको, रोज नीट सनस्क्रीन पुरे. मुरुमांचे डाग असतील तर नायसिनामाईड किंवा अॅझेलिक अॅसिड, सोबत सनस्क्रीन, आणि दोन-तीन महिने धीर. अॅझेलिक गरोदरपणातही चालतं, तरी एकदा डॉक्टरांना विचाराच. वांग असेल तर ट्यूब लागू शकते, पण आधी त्वचेच्या डॉक्टरांकडून निदान आणि थांबायची तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या, तारीख नसेल तर तोंडावर विचारा. वांगाला नुसते उन्हातले अतिनील किरणच नाही तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही भडकवतो म्हणून वांग असणाऱ्यांना आयर्न ऑक्साईडवालं टिंटेड सनस्क्रीन साध्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. आणि रंग मुळातच सावळा आहे नि तोच बदलायचाय, तर तिघींपैकी एकही ते करत नाही. डबी करते असं वाटतं, काही महिने.

डबी किंवा ट्यूब आधीच बराच काळ चालू असेल तर एक काम करा, ती फेकायच्या आधी पुढून-मागून फोटो काढा किंवा सरळ पिशवीत घालून त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. लाज वाटून 'काही नाही लावत' असं सांगू नका, कारण पुळ्या बघून नुसतं मुरुमांचं औषध दिलं तर त्या पातळ कातडीची आणखी आग होते. आपल्या मनाने एकदम बंद करण्यापेक्षा त्यांना ठरवू द्या, कुणाला थेट थांबवतात, कुणाला सौम्य स्टिरॉईडवर आणून हळूहळू सोडवतात, कधी टॅक्रोलिमससारखं बिनस्टिरॉईडचं मलम देतात. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल, काहींना त्याला महिने लागतात, तेवढ्या काळात फक्त साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, कोमट पाणी, आणि चेहऱ्यावर लाली असो वा नसो, अंगावर सूज किंवा लघवीला फेस येत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांबरोबर लघवीची तपासणीही त्याच आठवड्यात करून घ्या.