टायरच्या खाचेतली पट्टी दाखवून माझ्याकडून १९ हजार काढले

हे लिहायचं कारण एवढंच की पावसाळ्याच्या तोंडावर हायवेच्या दुकानांत हा प्रकार माझ्यासारखा अजून कुणाबरोबर होऊ नये, आणि ज्या गोष्टीवर मी फसलो ती समजायला खरं तर दोन मिनिटं पुरतात, मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

जूनचा पहिला आठवडा. साताऱ्याहून कोल्हापूरला चाललो होतो, गाडीत बायको, मुलगी आणि आई. मागचं डावं चाक पंक्चर झालं म्हणून स्टेपनी लावली आणि पुढे जे टायरचं दुकान दिसलं तिथे पंक्चर काढायला थांबलो. गाडी साडेतीन वर्षांची, ३० हजार किलोमीटर झालेली, टायर कंपनीतून आलेलेच. दुकानातला माणूस चारी चाकांभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "साहेब, पंक्चर काढून देतो, पण टायर संपलेत तुमचे. फॅमिली आहे, पाऊस सुरू होतोय, मी आपलं सांगायचं काम केलं."

मी म्हणलं नक्षी तर दिसतेय की. तर त्याने मला खाली बसवलं, पुढच्या टायरच्या खाचेत बोट घालून आडवी रबराची छोटी पट्टी दाखवली आणि म्हणाला, "ही पट्टी दिसायला लागली की टायर गेला, कंपनीनेच खूण दिलेली असते." मग खिशातून एक रुपयाचं नाणं काढून टायरच्या कडेच्या एका चिरेत उभं घातलं. ते जेमतेम आत गेलं. "बघा, नाणंसुद्धा उभं राहत नाही." मागून आई म्हणाली, अरे बदलून टाक, पैशाकडे काय बघतोस. झालं.

चार टायर प्रत्येकी ४,८०० म्हणजे १९,२००, अलाइनमेंट बॅलन्सिंगचे हजार, आणि जुन्या टायरचे ४०० प्रमाणे त्याने परत दिले. जुने तीनच दिले, एक मी डिकीत टाकून घेतला कारण मुलीला कधीपासून झोपाळा हवा होता. तिन्हीचे १,२०० वजा होऊन १९ हजार त्याला ऑनलाइन पाठवले आणि पुढे निघालो.

त्या एका टायरमुळे सगळं कळलं. घरी आल्यावर अंगणात दोरी बांधत होतो तर शेजारचे काका आले, ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. टायर हातात घेऊन अंगठा नक्षीवरून फिरवला आणि विचारलं, "हा का काढलास?" मी पट्टीचं सांगितलं. काका दोन क्षण गप्प राहिले, मग मला म्हणाले जा, तुझी स्टेपनी काढून आण.

माझी स्टेपनी त्या दिवसाचे काही किलोमीटर सोडले तर कोरीच. काकांनी तिच्या बाजूच्या भिंतीवर वरच्या कडेला असलेला बारीक त्रिकोण दाखवला (काही टायरवर तिथे टीडब्ल्यूआय अशी इंग्रजी अक्षरं असतात) आणि त्या रेषेत सरळ वर मुख्य खाचेत बघायला सांगितलं. तिथे तीच पट्टी! म्हणजे कोऱ्या टायरलाही पट्टी असते आणि ती दिसतेच, कारण ती खाचेच्या तळावर १.६ मिलिमीटर उंचीची मुद्दाम ओतलेली असते. पट्टी दिसणं हा मुद्दाच नाही. आजूबाजूची नक्षी झिजून झिजून पट्टीच्या लेव्हलला आली, म्हणजे अंगठा फिरवताना नक्षी आणि पट्टी एकाच सपाटीत लागली, की तो टायर संपला. १.६ मिलिमीटर ही कारच्या टायरची कायद्याची शेवटची मर्यादा. माझ्या टायरवर अंगठा पट्टीपाशी चांगला खाली उतरत होता.

मग नाणं. काकांनी मुलीच्या कंपासमधली मोजपट्टी मागवली. मुख्य खाचेतले खडे काढून, पट्टीच्या उंचवट्यापासून लांब, एक रुपयाचं नाणं तळाला टेकेपर्यंत उभं घातलं, नक्षीच्या वरच्या पातळीला नाण्यावर नख धरलं आणि नाणं बाहेर काढून नखापर्यंतचं अंतर मोजलं. (मोजपट्टी थेट खाचेत घालू नका, शून्याच्या आधी थोडं प्लास्टिक असतं.) स्टेपनी ८ मिलिमीटर, काढलेला टायर साडेचार. तेच नाणं आतल्या पट्टीवर ठेवलं तर तीनच्याही आत, आणि कडेच्या त्या चिरेत जेमतेम दोन. कडेच्या चिरा मुळातच कमी खोल असतात, तिथलं माप धरायचंच नसतं. दुकानदाराने नाणं बरोबर तिथेच घातलं होतं, हे चुकून होत नाही.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून आपल्याकडेही लोक नाण्यावरचं चित्र किती बुडतं ते बघतात. तिकडे एक सेंटचं नाणं उलटं घातलं की लिंकनच्या डोक्यापर्यंतचं अंतर साधारण १.६ भरतं म्हणून ते चालतं, आपल्या नाण्यांची डिझाईन वेगवेगळी आहेत, त्यावर भरवसा ठेवू नका. आपलं नाणं फक्त खोली बाहेर आणायला, माप मोजपट्टीवरच.

आता हिशोब बघा. ३० हजार किलोमीटरमध्ये ८ चे साडेचार झाले म्हणजे साडेतीन मिलिमीटर झिजले, साधारण साडेआठ हजाराला एक. १.६ पर्यंत थांबू नये हे मलाही पटतं, कारण खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो, म्हणून काका ३ ला बदल म्हणतात. तरी माझे दीड मिलिमीटर बाकी होते, म्हणजे बारा-तेरा हजार किलोमीटर, माझ्या वापराने जवळपास दीड वर्ष. हा पावसाळा आरामात निघाला असता.

एक मात्र काकांनी बजावून सांगितलं, मधली खाच बघून खूश व्हायचं नाही. अलाइनमेंट बिघडलं असेल तर टायर फक्त आतल्या कडेने गोटा होतो आणि उभ्याने ते दिसत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून आत वाकून बघावं लागतं. आतली खाच, मधली, बाहेरची असं मोजायचं, चाक थोडं फिरवून परत मोजायचं, आणि सगळ्यात कमी येईल ते खरं धरायचं. शिवाय भिंतीवर फुगा आला असेल किंवा रबराला तडे गेले असतील तर खोली कितीही असो, तो टायर काढायचाच. माझ्या टायरला यातलं काही नव्हतं, भिंतीवरच्या कोडमधले टायर बनल्याच्या तारखेचे शेवटचे चार आकडेसुद्धा (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष) गाडी घेतली त्याच वर्षाचे.

पुढच्या रविवारी तो टायर डिकीत घालून दुकानात परत गेलो. नाणं आणि मोजपट्टी काढून त्याच्यासमोर मोजून दाखवलं. तो म्हणाला, "आम्ही सेफ्टीसाठी सांगतो, जबरदस्ती केली का?" माझे बाकीचे तीन कुठायत विचारलं तर म्हणे गेले. साडेचार मिलिमीटरचे टायर, भंगारात गेले असतील असं मला अजिबात वाटत नाही. बिलावर कारण काहीच लिहिलेलं नव्हतं, जुन्या टायरचा फोटो मी काढलेला नव्हता, त्यामुळे भांडायला हातात काही नव्हतं आणि पैसे गेले ते गेलेच.

आता मोजपट्टी आणि एक रुपया गाडीच्या डॅशबोर्डमध्येच असतो. कुणी टायर संपला म्हणालं की मी त्यालाच मुख्य खाचेत, पट्टी सोडून, माझ्यासमोर मोजायला लावतो आणि किलोमीटरच्या आकड्यासकट फोटो काढतो. परवा भावाची गाडी अशीच मोजली, मधे ४ आणि आतल्या कडेला दीड. त्याचे पुढचे दोन त्याच दिवशी बदलले.