दंडावरचा बँड की मनगटावरचं घड्याळ?

घड्याळ हातात असताना दंडावर नाडी मोजणारा आणखी एक बँड कशाला बांधायचा, ही शंका रास्त आहे. पावलं, झोप, बसल्या जागी मोजलेली नाडी एवढंच हवं असेल, तर घड्याळ पुरेसं आहे. बँडवर पैसे घालू नका. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर एका लयीत तासभर सायकल चालवली, तरी दोघांचे आकडे बहुतेक जुळतात, असा माझा अनुभव. खरी फारकत होते ती जोर अचानक लावायचा आणि लगेच सोडायचा असतो, तिथे.

दोघांचं तंत्र एकच. हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, ठोक्यागणिक आतलं रक्त वाढतं-घटतं तसा परतणारा प्रकाश बदलतो, आणि त्या बदलांवरून ठोके मोजले जातात. अडचण अशी, की सेन्सर जरा सरकला तरी प्रकाश बदलतोच. मनगटावर हाडं आणि कंडराच जास्त, मांस कमी. हँडल आवळून धरलं, मनगट वाकलं, की कंडरा ताणल्या जातात आणि घड्याळाखाली बारीक फट पडते. रस्त्याची थरथर तर हँडलमधून थेट तिथेच पोचते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हात गार पडतात, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळात क्षीण असलेला संकेत आणखी क्षीण होतो. दंड मांसल आणि बाहीखाली ऊबदार राहतो, शिवाय रस्त्याचे बरेचसे धक्के कोपरातच जिरतात.

माझा निर्णय मात्र एकाच त्रासामुळे झाला: घड्याळाचा आकडा मागे राहायचा. सिमरोलच्या पुढे भेरूघाटाच्या चढावर मी एक मिनिट जोर आणि दोन मिनिटं सैल, असा सराव करतो. सुरुवातीला नाडी 120 च्या आसपास. बँडवर ती सलग चढत जाते, मिनिट संपताना 165 च्या जवळ पोचते आणि सैल मिनिटांत 130 पर्यंत उतरते. घड्याळ जोराचं मिनिट संपताना 135 दाखवायचं, आणि पाय सैल सोडल्यावर, श्वास खाली बसत असताना, त्याचा आकडा 155 कडे चढायचा. पुढचा जोर नाडी 130 वर आली की सुरू करायचा असेल, तर अशा आकड्यावर काय भरवसा ठेवणार? घरी आलेख पाहिला की शिखरंही बुटकी दिसायची, म्हणजे केलेले कष्ट हिशेबात धरलेच जायचे नाहीत. हे मला फार खुपायचं.

खरं कोण, हे तपासायला जिममधली स्थिर सायकल बरी. जोर संपताक्षणी गळ्याच्या एका बाजूला दोन बोटं हलकेच टेकवून 10 सेकंद ठोके मोजा आणि सहाने गुणा. 27 आले तर 162. एक ठोका चुकला तर सहाचा फरक पडतो, तेव्हा चार-पाच आकड्यांवरून वाद घालू नका. वीस-तीसचा फरक मात्र लपत नाही. आलेखावरूनही कळतं: खरी नाडी उतारासारखी चढते-उतरते. 95 वरून एकदम 150 वर उडी, किंवा धाप लागलेली असताना सपाट रेघ दिसली, तर सेन्सर चुकतो आहे असं समजा.

वजनं उचलताना घड्याळाची आणखी पंचाईत. नीट वाचन हवं तर ते मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधावं लागतं. मग केटलबेल नेमकं त्यावर आपटतं, आणि पुशअपमध्ये हाताच्या मागच्या बाजूने बटण दाबलं जाऊन नोंदच थांबते. बँडही निर्दोष नाही. बायसेप्सच्या व्यायामात स्नायू फुगतो आणि पट्ट्याचा ताण बदलतो. सेन्सर दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जरा वर ठेवला की मला फरक पडला. पट्टा करकचून बांधणंही चूक, त्याने रक्तच दबतं. एक बोट जेमतेम शिरेल इतका पुरे.

बँडला सहसा पडदा नसतो, वेगळं चार्जिंग लागतं, आणि घामाने इलास्टिक सैल होत जातं. पट्टा धुवावा लागतो, कधीतरी बदलावाही लागतो. हृदयाच्या लयीत गडबड असल्याची शंका असेल, तर या दोन्हींवर विसंबू नका; डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा. आणि छातीचा पट्टा सहज चालत असेल, तर दोन ठोक्यांमधलं अंतर तो या दोघांपेक्षा चांगलं टिपतो. मला तो चढावर वाकल्यावर टोचतो.

हातात घड्याळ असेलच तर ते विकायची गरज नाही. बऱ्याच घड्याळांना बाहेरचा पल्स सेन्सर जोडता येतो. घेण्याआधी तुमच्या मॉडेलला ते जमतं का, एवढं पाहा. सराव सुरू करण्याआधी बँड पाच-दहा मिनिटं अंगावर राहू द्या, आकडा स्थिरावतो. माझ्या मनगटावर घड्याळ आजही असतं. नाडी मात्र दंडावरून येते.